प्रश्नपेढी, मॉड्यूल ४ : बंदिस्त जागेत उतरण्याआधी हवेची तपासणी. कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

जुनी प्रश्नपेढी उघडून बसलो. या मॉड्यूलचे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच साच्यातले आहेत : 'ऑक्सिजनची किमान सुरक्षित पातळी किती?', 'एलईएल म्हणजे काय?', 'खालीलपैकी कोणता वायू हवेपेक्षा जड आहे?' पाठ केलेलं ओकायचं, एवढंच. टाकीच्या तोंडाशी उभं राहून मीटरकडे बघणाऱ्याला मात्र कुणी व्याख्या विचारत नाही. तिथे चार आकडे समोर असतात आणि उतरायचं की नाही हे सांगायचं असतं.

काम असं : या मॉड्यूलची पेढी नव्याने बांधायची आणि प्रत्येक प्रश्नाला विचारप्रक्रियेची पातळी लावायची. पायाला ब्लूमची श्रेणी, म्हणजे मूळ १९५६ची नव्हे, अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी २००१मध्ये सुधारलेली : स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. गटात आम्ही चौघं. मी, आमचे मुख्य प्रशिक्षक, गॅस टेस्टिंग करणाऱ्या एक ताई, आणि वर्षानुवर्षं परमिटवर सह्या केलेले एक सुपरवायझर. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, "श्रेणी वगैरे तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, पास झालेला माणूस मी टाकीशी उभा करू शकतो का?"

५ फेब्रुवारी

पातळी लावण्याचा पहिला प्रयत्न आणि पहिलं भांडण.

प्रशिक्षकांकडे क्रियापदांचा तक्ता आहे. 'सांगा, लिहा' आलं की स्मरण, 'कारण द्या' आलं की आकलन, 'तुलना करा' आलं की विश्लेषण. तो लावून जुने प्रश्न चाळले तर बरेचसे भराभर वर चढले. मग ताईंनी एक प्रश्न उचलला : 'ऑक्सिजन आधी, ज्वलनशील वायू नंतर आणि विषारी वायू शेवटी, असा क्रम का? कारण द्या.' तक्त्यानुसार आकलन. पण याचं उत्तर हँडआउटच्या चौकटीत शब्दशः छापलंय. ज्याने चौकट पाठ केली त्याला समजलं असेलच असं नाही.

चर्चेअंती ठरलं की पातळी प्रश्नाच्या वाक्यावरून लावायची नाही, तर उत्तर देणाऱ्याने वर्गात काय पाहिलंय त्यावरून लावायची. उत्तर जसंच्या तसं शिकवलं असेल तर स्मरण, मग प्रश्नात 'विश्लेषण करा' लिहिलेलं असलं तरी. नियम शिकवला, पण आकडे आणि प्रसंग नवे असतील तर उपयोजन. समोरच्या माहितीतलं काय विश्वासाचं, काय कामाचं आणि काय नुसतंच अंगावर आलंय हे आधी निवडावं लागत असेल तर विश्लेषण. दुसऱ्याने घेतलेला निर्णय निकषाला लावून बरोबर-चूक ठरवायचा असेल तर मूल्यमापन. आकलनाचे प्रश्न थोडे ठेवू. निर्मिती, म्हणजे प्रवेशाची योजनाच आखणं, बहुपर्यायी प्रश्नात बसत नाही. ते प्रात्यक्षिकाला जाईल.

म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या नोंदीत पातळीशेजारी एक रकाना वाढवला : 'वर्गात काय दाखवलंय'. हा रिकामा असेल तर पातळी लावायची नाही.

९ फेब्रुवारी

ऑक्सिजनचं कुटुंब तयार केलं. वस्तुस्थिती एकच, प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे.

स्मरण : कोरड्या स्वच्छ हवेत ऑक्सिजन किती? (२०.९ टक्के.) प्रवेशासाठी कोणती मर्यादा पाळायची? आमच्या अभ्यासक्रमात १९.५ ते २३.५ टक्के आहे. हे दोनच. यांना नावं ठेवायचं कारण नाही, कारण हे आकडे जिभेवर नसतील तर वरचं सगळं डळमळतं.

उपयोजन : टाकीत वर, मध्ये आणि तळाशी घेतलेले आकडे दिले. वर ऑक्सिजन २०.८, हायड्रोजन सल्फाइड ०. मध्ये २०.७ आणि २ पीपीएम. तळाशी २०.६ आणि १४ पीपीएम. परमिटवर फक्त वरचे आकडे उतरवलेत. आमची अलार्म मर्यादा १० पीपीएम. उतरायचं का? हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असतो आणि तीन थरांत तपासायचं हे वर्गात शिकवलंय, आकडे मात्र नवे.

दुसरा उपयोजनाचा प्रश्न ताईंनी सुचवला, तो मला फार आवडला. सहा मीटर नळी सोडून पंपाने नमुना खेचला जातोय. मीटरच्या पुस्तिकेतला उतारा प्रश्नातच दिलाय : नळीच्या दर मीटरला ३ सेकंद, आणि वर सेन्सर स्थिर व्हायला ३० सेकंद. माणूस प्रत्येक थराला १५ सेकंद थांबला. त्याने नेमकं काय मोजलं? नळीतून हवा वर यायलाच १८ सेकंद लागतात आणि आकडा पक्का व्हायला ४८. म्हणजे तो ज्याला 'मधला थर' समजला ती अजून वरच्या थराचीच हवा होती. सुपरवायझर हसले. असं तपासणारे बरेच बघितलेत म्हणाले.

विश्लेषण : ऑक्सिजन ८ टक्के, एलईएल (ज्वलनशील वायू हवेत ज्या किमान प्रमाणाला पेटतो ते) १ टक्का, विषारी वायू शून्य. प्रश्न 'उतरायचं का' असा नाही. त्याचं उत्तर ८ या आकड्यातच आहे. प्रश्न असा की, यातल्या कोणत्या आकड्यावर विसंबता येणार नाही? इथे क्रमाचं कारण पाठ असून भागत नाही, ते वापरावं लागतं. नेहमीच्या मीटरमधला ज्वलनशील वायूचा कॅटॅलिटिक सेन्सर तो वायू आत जाळून मोजतो आणि जळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन इतका कमी असला की टाकी वायूने भरलेली असूनही एलईएलचा आकडा खालीच राहू शकतो. आकडा कमी दिसतोय म्हणून वायू नाही, असा अर्थ काढायचा नसतो.

१२ फेब्रुवारी

आजचा अख्खा दिवस एका प्रश्नावर गेला. ताईंच्या डोक्यातून आलेला. माझ्या मते या पेढीतला सगळ्यात किमती प्रश्न हाच.

प्रसंग : किण्वनाची टाकी रिकामी करून धुवायची आहे. चार वायूंचं मीटर बाहेरच्या हवेत २०.९ दाखवतंय. आत तळाशी ऑक्सिजन २०.४, एलईएल ०, हायड्रोजन सल्फाइड ०, कार्बन मोनॉक्साइड ०. अलार्म नाही, सगळं मर्यादेत. पुढे काय?

पाठांतराच्या जोरावर आलेला माणूस म्हणेल, २०.४ हे १९.५च्या वर आहे, उतरा. पण विचारायचं असतं ते हे की अर्धा टक्का गेला कुठे? दुसऱ्या वायूने हवेला बाजूला सारलं असेल, तर तो ऑक्सिजनला एकट्याला सारत नाही, सगळ्या हवेला सारतो. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश. तेव्हा ऑक्सिजन अर्धा टक्का घटला तर आत घुसलेला वायू जवळपास पाचपट, म्हणजे ०.५ भागिले २०.९, सुमारे २.४ टक्के. पीपीएममध्ये २४,०००. किण्वनाच्या टाकीत हा वायू कार्बन डायऑक्साइड असण्याचीच शक्यता जास्त. आठ तासांच्या कामासाठी त्याची सर्वत्र वापरली जाणारी मर्यादा ५,००० पीपीएम, आणि ४०,००० म्हणजे जिवाला तत्काळ धोका. चार वायूंच्या मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नसतो, त्यामुळे स्क्रीनवर शून्यं दिसतात आणि टाकीत मर्यादेच्या जवळजवळ पाचपट वायू.

शिवाय मीटर तळाशी जिथे लोंबतंय तिथला हा आकडा. कोपऱ्यात किंवा गाळ ढवळल्यावर किती निघेल ते वेगळंच.

सुपरवायझरांची शंका रास्त होती : दमट हवेत ऑक्सिजन असाही थोडा खाली दिसतो, मग प्रत्येक वेळी काम थांबवायचं? बरोबर आहे. पाण्याची वाफही हवेला सारतेच. ३० अंशाला पूर्ण ओलसर हवेत वाफ चार टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे कोरड्या हवेतले २०.९ तिथे २०पर्यंत उतरतात. नुकतीच धुतलेली टाकी असेल तर २०.४ला हे कारणही पुरतं. गंज धरणाऱ्या टाकीत ऑक्सिजन लोखंडच खातं, तिथे दुसरा वायू घुसलेलाच नसतो.

यातून प्रश्नाचं उत्तर बदललं. 'आत कार्बन डायऑक्साइड २४,००० आहे' हे उत्तर ठेवता येणार नाही, कारण दिलेल्या माहितीवरून ते सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की घट झालीय, तिची एकाहून जास्त कारणं असू शकतात आणि त्यातलं एक कारण या मीटरला दिसत नाही. म्हणून बरोबर उत्तर : उतरणं थांबवून कार्बन डायऑक्साइड मोजणारं मीटर आणा. पेढीतल्या स्पष्टीकरणात वाफेची आणि गंजाची शक्यताही लिहिली. परीक्षेनंतर कुणीतरी ती काढणारच.

१८ फेब्रुवारी

पर्याय लिहिण्याचं काम. चुकीचा पर्याय हा कुणीतरी खरोखर करत असलेली चूकच असला पाहिजे. सुपरवायझरांना मी प्रश्न देतो आणि विचारतो, "इथे माणसं काय करतात?" ते जे सांगतात तेच पर्याय. उगाच घातलेला, वाचताक्षणी खोटा वाटणारा पर्याय कुणी निवडत नाही आणि चारांचा प्रश्न तिघांचा होऊन बसतो.

एक गोष्ट खटकली. ज्यात निर्णय आहे अशा जवळजवळ प्रत्येक प्रश्नात बरोबर उत्तर 'थांबा, उतरू नका' हेच आलंय, आणि बहुधा तोच पर्याय सगळ्यात लांब. आकडे न वाचता प्रत्येक ठिकाणी 'थांबा'वर खूण करणारा माणूस मॉड्यूल पास होईल! तो सावध आहे असं आपल्याला वाटेल, प्रत्यक्षात त्याने मीटर वाचलेलंच नसेल.

उपाय : काही प्रसंग असे हवेत की उतरणं बरोबर आहे. तिन्ही थरांत ऑक्सिजन २०.९, बाकी शून्य; आजच बंप टेस्ट, म्हणजे माहीत असलेला वायू देऊन मीटरची चाचणी, झालेली; नळ्या ब्लाइंड लावून बंद; ब्लोअर चालू; बाहेर माणूस उभा; परमिटची वेळ चालू. प्रशिक्षक अडून बसले, "सुरक्षेच्या परीक्षेत उतरा हे उत्तर बरोबर कसं?" सुपरवायझरांनीच बाजू घेतली : विनाकारण थांबवणाऱ्याचं मग कुणी ऐकत नाही, खरं थांबवायचं असतं तेव्हासुद्धा. शेवटी आकड्यांनी जोडलेल्या जोड्या केल्या. तोच प्रसंग, तीच वाक्यं, फक्त एका ठिकाणी एक गोष्ट बदललेली (बंप टेस्ट कालची, किंवा परमिटची वेळ उलटून गेलेली). एकाचं उत्तर उतरा, दुसऱ्याचं थांबा. दोन्ही बरोबर आले तरच माणसाने वाचलंय असं धरायचं.

२ मार्च

पथदर्शी चाचणी झाली. गट लहान आहे, त्यामुळे निर्देशांकांकडे इशारा म्हणूनच बघतोय. काठिण्य निर्देशांक म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण. भेदनक्षमता म्हणजे एकूण गुणांत वरच्या गटातल्यांचं बरोबर प्रमाण वजा खालच्या गटातल्यांचं. मोठ्या गटात वरचे आणि खालचे २७ टक्के घेतात. आम्ही सरळ वरचे आठ आणि खालचे आठ घेतले.

किण्वन टाकीच्या प्रश्नावर डोळे थांबले. वरच्या आठांपैकी तिघांचं बरोबर, खालच्या आठांपैकी चौघांचं. भेदनक्षमता उणे. जास्त जाणणारेच जास्त चुकले! असं दिसलं की आधी उत्तरसूची तपासायची. ती बरोबर होती. मग पर्यायनिहाय पाहिलं तर वरच्या आठांतले पाच जण एकाच चुकीच्या पर्यायावर गेलेले :

'ब्लोअर लावून हवा खेळवा, ऑक्सिजन २०.९ झाल्याची खात्री करा, मग उतरा.'

त्यांना बोलावून विचारलं. एक जण म्हणाला, "आत काही घुसलं असेल तर ते बाहेर गेलं की ऑक्सिजन परत २०.९वर येणारच ना? मग ते गेलंच की." हा तर आमच्याच गणिताचा उलटा वापर, आणि तर्क बऱ्यापैकी पक्का. अडचण एवढीच की त्या आकड्यात दशांशाच्या एकाचा फरक म्हणजे सुमारे ५,००० पीपीएम. ऑक्सिजनचा सेन्सर तेवढं बारीक सांगायला बनलेला नाही, तेव्हा २०.९ दिसलं म्हणून कार्बन डायऑक्साइड मर्यादेखाली आलाच असं म्हणता येत नाही. पण हे बारकाव्याचं आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात एवढ्यावरून शहाण्या माणसाचे गुण कापणं योग्य नाही. पर्याय बदलला : 'ऑक्सिजन मर्यादेत आहे, ब्लोअर चालू ठेवून उतरा.' आणि तो दशांशाचा मुद्दा स्वतंत्र प्रश्न झाला, मूल्यमापनाच्या पातळीवर : एका सहकाऱ्याने असं असं ठरवलं, त्याच्या तर्कात कच्चा दुवा कोणता?

उणे भेदनक्षमता दिसली की प्रश्न फेकून द्यावा असं अनेकजण करतात. फेकला असता तर आमचा सगळ्यात चांगला प्रश्न कचऱ्यात गेला असता आणि त्यातून निघालेला दुसराही.

५ मार्च

दुसऱ्या टोकाचा प्रश्न. 'साथीदार आत कोसळला आहे, तुम्ही बाहेर उभे आहात. काय कराल?' सगळ्यांचं बरोबर : आत उतरायचं नाही, मदत बोलवायची. काठिण्य निर्देशांक १, भेदनक्षमता ०. संख्याशास्त्राच्या नियमाने हा प्रश्न निरुपयोगी.

इथे मी तो नियम लावणार नाही. ही स्पर्धापरीक्षा नव्हे, कुणाचा नंबर लावायचा नाहीये. जे प्रत्येकाला यायलाच हवं ते प्रत्येकाला आलं तर ती चांगली बातमी. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंवर अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने १९८६मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले होते. तेव्हा प्रश्न राहणार, 'अनिवार्य' अशी खूण करून. तो चुकला तर बाकी गुण कितीही असोत, पास नाही.

पण सुपरवायझरांचं म्हणणंही खरं आहे की परीक्षेत सगळे बरोबर सांगतात आणि टाकीशी उडी मारतात. हा प्रश्न आदर्श उत्तर पाठ आहे का तेवढंच तपासतो. पातळी मूल्यमापन लावली होती, ती आता स्मरण केली. त्याच्या जोडीला प्रसंग पुढे नेणारा प्रश्न लिहिला : आतल्याला हार्नेस आहे, दोर ट्रायपॉडच्या विंचला जोडलेला आहे, आतला माणूस हलत नाही, ब्लोअर बंद पडलेला. चार कृती दिल्यात, आधी कोणती ते लावायचं. आणि त्याचीच जोडी : सगळं तेच, फक्त दोर विंचवरून सोडवून बाजूला ठेवलेला, कारण आतल्याला वळताना तो आड येत होता. पहिल्यात बाहेरूनच ओढून काढता येतं. दुसऱ्यात बाहेरच्याच्या हातात हाक मारणं, बचाव पथक बोलावणं आणि ब्लोअर चालू करणं एवढंच उरतं. दुसरा सोडवताना लोक बराच वेळ गप्प बसले होते. त्याचा उपप्रश्न मग मीच घातला : दोर सोडवला त्या क्षणी बाहेरच्याने काय करायला हवं होतं?

११ मार्च

संविधान तक्ता भरला. स्मरणाचे प्रश्न एकूणाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच, उपयोजन सगळ्यात जास्त, विश्लेषण आणि मूल्यमापन मिळून उरलेल्यातला मोठा भाग. विश्लेषणाच्या प्रश्नाला माणूस दोन-तीन मिनिटं घेतो, त्यामुळे वेळ तशीच धरावी लागली. जुन्या परीक्षेत सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ होता आणि शेवटचे प्रश्न घाईत अंदाजाने मारले जात. मग कमी गुण अज्ञानाचे की घड्याळाचे, तेच कळत नसे.

भाषाही तपासली. नळीच्या प्रश्नाचं आधीचं वाक्य इतकं लांब होतं की वाचनाची परीक्षा होत होती. तोडून चार वाक्यं केली. मीटरचे आकडे आता मजकुरात नाहीत, मीटरच्या पडद्याच्या चित्रात आहेत. टाकीशी ते तसेच दिसतात.

२४ मार्च

दुसऱ्या तुकडीने परीक्षा दिली. किण्वन टाकीच्या प्रश्नाची भेदनक्षमता सावरली. पण एलईएलच्या विश्लेषणाच्या प्रश्नावर निर्देशांक एकदम वर चढलाय आणि वेळ मात्र निम्म्यावर. शंका आली म्हणून प्रशिक्षकांना विचारलं. त्यांनी उजळणीत हेच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं होतं, ८ टक्के आणि १ टक्का, हेच आकडे. त्यांच्या दृष्टीने ते चांगलंच शिकवणं.

नोंदीतला 'वर्गात काय दाखवलंय' रकाना भरला आणि प्रश्न विश्लेषणातून स्मरणात उतरवला. काढून टाकला नाही, स्मरण म्हणून तो ठीकच आहे. विश्लेषणाची जागा रिकामी झाली तिथे त्याच कल्पनेचं दुसरं टोक घेतलं : एलईएलचा आकडा झपाट्याने चढून शंभरच्या पुढे गेला आणि मग अचानक शून्याकडे घसरला. ऑक्सिजनही खाली आलाय. मीटर बिघडलं, वायू निघून गेला, की वायू इतका झाला की सेन्सरमध्ये तो जळायला ऑक्सिजनच पुरेसा उरला नाही? मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान पेटतो. त्याच्या पुढे मिश्रण अतिश्रीमंत होतं, म्हणजे वायूच्या मानाने हवा अपुरी पडते, आणि कॅटॅलिटिक सेन्सर फसतो. काही मीटर अशा वेळी 'ओव्हर' दाखवून तिथेच अडकून राहतात, काही जुनी राहत नाहीत. प्रश्नात कोणत्या प्रकारचं मीटर ते स्पष्ट लिहिलं.

प्रशिक्षकांशी ठरलं : फळ्यावरच्या उदाहरणांची यादी ते दर तुकडीआधी पाठवतील, मी ती रकान्यात चढवेन. शिवाय विश्लेषणाच्या प्रत्येक प्रश्नाचे तीन अवतार ठेवायचे. नुसते आकडे बदललेले नकोत, कारण बदललेले. ऑक्सिजन घटल्याच्या प्रश्नाचे तीन लिहून झाले : किण्वन टाकी, गंजलेली बॅलास्ट टाकी, नायट्रोजनने पर्ज केलेलं पात्र. तिन्हीकडे मीटर एकच आकडे दाखवतं आणि पुढची कृती वेगळी. एलईएलचा तिसरा अवतार ताईंकडे आहे, शुक्रवारी येईल.